४ × १०० रिलेचा क्रम कसा ठरवावा?

बहुतेक संघांत सर्वांत वेगवान धावपटूला शेवटी ठेवतात. तो तिथे शोभतो खरा, पण वेळ वाचतोच असं नाही. घड्याळ धावपटूचं नसतं, बॅटनचं असतं. म्हणून मोजमापही बॅटनच्या प्रवासाचंच करा.

आधी ४०० मीटरचे तुकडे पाडा. बॅटन बदलायचे झोन ३० मीटरचे असतात : ८० ते ११०, १८० ते २१० आणि २८० ते ३१०. उरलेल्या चार तुकड्यांत बॅटन एकाच्याच हातात असतं. पहिल्याला ब्लॉकमधून ८० मीटर, दुसऱ्याला सरळ ७०, तिसऱ्याला वळणावर ७० आणि चौथ्याला सरळ ९० मीटर. पहिला तुकडा सोडला तर बाकीच्यांची वेळ धावत्या वेगात घ्या. झोनची वेळ जोडीनुसार वेगळी मोजा. बॅटन झोनच्या पहिल्या रेषेवरून गेल्यापासून दुसरी रेषा ओलांडेपर्यंत. हाताच्या स्टॉपवॉचवर इथे भिस्त ठेवू नका. मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. प्रत्येक जोडीचे चार-पाच प्रयत्न पूर्ण वेगाने, एकाच दिवशी घ्या आणि मधली वेळ धरा.

आता एक उदाहरण. अ, ब, क, ड या क्रमात ड सर्वांत वेगवान. धावण्याच्या वेळा ९.०५, ७.००, ७.२५ आणि ८.८०, म्हणजे ३२.१० सेकंद. झोनमध्ये अ-ब ३.२०, ब-क ३.१५, पण क-ड ३.५५. एकूण ४२.०० सेकंद.

आता ब आणि ड यांची अदलाबदल करा : अ, ड, क, ब. ड सरळ ७० मीटर ६.८० मध्ये जातो, ब शेवटचे ९० मीटर ९.०५ मध्ये. धावणं ३२.१५, म्हणजे पाच शतांश वाईटच. पण झोन ३.२५, ३.२० आणि ३.१५ भरतात, एकूण ४१.७५. पाव सेकंद वाचला, आणि तो सगळा बॅटन-बदलांतून.

तरी क-ड जोडी लगेच मोडू नका. आधी व्हिडिओत बॅटन कुठे हातात पडलं ते बघा. झोनच्या पहिल्या दहा-बारा मीटरमध्येच पडलं असेल तर ड ने वेग घेतलेलाच नव्हता; क मागून येऊन त्याच्यावर चढला आणि क ला आवरतं घ्यावं लागलं. मग ड ची निघण्याची खूण, म्हणजे क जिथे पोहोचताच ड धावू लागतो ती, पावलाभर मागे, म्हणजे क च्या दिशेने सरकवा, म्हणजे तो आधी निघेल, आणि पुन्हा मोजा. खूण फार मागे गेली तर उलटा त्रास : क पोहोचतच नाही आणि बॅटन झोनबाहेर जातं. नियमात धावपटूचं शरीर नाही, बॅटन कुठे आहे ते पाहिलं जातं.

सुधारलेली वेळ घेऊन बेरीज पुन्हा करा. दोन क्रमांत पाच शतांशांहून कमी फरक राहिला, तर मी तो फरक मोजण्यातली चूकच मानतो आणि ज्या क्रमात बॅटन एकदाही चुकलं नाही तो घेतो.