नंबर बदलला पण चॅट वाचले (आईचे नाही वाचले)

मागच्या महिन्यात आईचं सिम बदललं आणि मी शहाणपणा केला, आधी व्हॉट्सॲपचं जुनं अकाउंट Delete my account करून टाकलं, म्हटलं नव्या नंबरने फ्रेश चालू करू. झालं, भिशीच्या ग्रुपसकट सगळ्या ग्रुपमधून आई बाहेर, चॅट गायब, आणि गूगलवरचा बॅकअपही गेला कारण डिलीट केल्यावर तोही पुसला जातो. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मग माझा नंबर बदलताना नीट केलं. नवं सिम आधी फोनमध्ये टाकलं कारण सहा आकडी कोड नव्या नंबरवरच येतो. मग Settings, Account, Change number, तिथे वर जुना नंबर, खाली नवा. पुढे विचारतं कोणाला कळवायचं, मी फक्त ज्यांच्याशी चॅट आहे तेवढ्यांना ठेवलं, सगळ्या कॉन्टॅक्टला कशाला. ग्रुपमध्ये मात्र आपोआप मेसेज पडतोच, तो काही थांबवता येत नाही. फोटो, ग्रुप, सेटिंग जशाच्या तशा आल्या, चॅट तर फोनमध्येच होते.

जुन्या नंबरचं अकाउंट आपोआप बंद होतं, वेगळं डिलीट करायची गरजच नाही. आणि फोनही बदलायचा असेल तर आधी जुन्याच फोनवर नंबर बदला, मग नवा बॅकअप घ्या, कारण जुना बॅकअप जुन्या नंबरला बांधलेला असतो. आईच्या भिशीवाल्या काकूंनी तिला परत ॲड केलंय, पण नातवाचे व्हॉइस मेसेज काही परत आले नाहीत.