मधला भांग की बाजूचा? या चुका टाळा

"ताई, माझा चेहरा गोल आहे, मग मला कुठला भांग शोभेल?" हे मला पार्लरमध्ये रोज कुणीतरी विचारतं, आणि विचारणारीने बहुतेक वेळा उत्तर मोबाइलमध्ये शोधून आणलेलंच असतं. गोल, चौकोनी, लांबट, बदामी असे चेहरे काढलेला तक्ता, आणि प्रत्येकाखाली एक भांग. तक्ता तसा खोटा नसतो. फक्त त्यात केस कसे उगवलेत याचा पत्ता नसतो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

चेहरा आधी बघणं

केसांची मुळं तिरपी असतात आणि प्रत्येक भागात त्यांचा कल वेगळा असतो. तो कल कुठे बदलतो ते आधी बघायचं. केस धुवा, टॉवेलने टिपून घ्या. पाणी ठिबकायला नको, पण मुळं ओली हवीत. तेल लावलेल्या केसांवर हे करू नका, तेलकट केस बसवाल तसे बसतात आणि तुम्हाला फसवतात. मोठ्या दातांच्या कंगव्याने सगळे केस कपाळापासून सरळ मागे घ्या. मग टाळूवर तळहात ठेवून केस हलकेच पुढे ढकला आणि हात काढा. कपाळाच्या वर केस जिथे आपोआप फाटतात, तो तुमचा भांग. पुन्हा एकदोनदा करा, त्याच जागी फाटले तर वाद मिटला. काहींचे केस कुठेच फाटत नाहीत, सरळ पुढे पडतात. त्यांनी खुशाल तक्ता बघावा.

हे न करता काय होतं, ते एका नवरीचं सांगते. साखरपुड्याला तिने दुसरीकडे मधला भांग पाडून घेतला होता, कारण ज्या फोटोवर जीव जडला होता त्यात मधला भांग होता. हिच्या उजव्या भुवईच्या वर, अगदी कपाळाच्या कडेला भोवरा. भोवऱ्याच्या उजवीकडचे केस उजवीकडे जाणारे, डावीकडचे डावीकडे. आता नाकाच्या रेषेत भांग पाडला की मधली रेषा आणि भोवरा यांच्यामध्ये दोन बोटांची पट्टी उरते. त्या पट्टीतल्या केसांना जायचंय डावीकडे, आणि आपण त्यांना ढकलतोय उजवीकडे. मोकळ्या हवेत, घाम नसताना, भरपूर स्प्रे मारला तर ते तासभर ऐकतात. कार्यालयात पंखेच होते आणि दिवस मे महिन्याचे. कपाळाला घाम आला, मुळं ओली झाली आणि केसांनी आपली दिशा धरली. प्रत्येक फोटोत बिंदीच्या उजव्या बाजूला एक झुलूप उभं. तिथल्या बाईंनी मग काय केलं असेल? आणखी स्प्रे. त्याने ते झुलूप उभंच कडक झालं.

लग्नाआधी ती माझ्याकडे आली तेव्हाही मोबाइलमध्ये तोच फोटो होता. मी केस ओले करून हात फिरवला, केस भोवऱ्याशी फाटले. भांग तिथूनच पाडला, म्हणजे उजव्या भुवईच्या कमानीच्या वर. सगळे जास्तीचे केस डावीकडे गेले, स्वतःहून. मुळांशी ड्रायरची मंद हवा आधी एका बाजूने, मग उलट बाजूने दिली, कपाळाजवळची बट चपट्या क्लिपने दाबून थंड होऊ दिली. गरम असताना क्लिप काढायची घाई करतात आणि मग म्हणतात, केस बसत नाहीत. केस थंड होतानाच बसतात.

"पण बिंदीला मधलाच भांग लागतो ना?" तिच्या आईंचा प्रश्न. नाही लागत. बिंदीची साखळी भांगातूनच गेली पाहिजे असं काही नाही. साखळी वरच्या केसांच्या थराखालून नेऊन आत पिन केली आणि पदक कपाळाच्या मधोमध सोडलं. मुंडावळ्या तर कपाळावर आडव्या बांधतात, त्यांना भांगाशी देणंघेणंच नसतं. सांभाळायची ती नथ. नथ डाव्या नाकपुडीत, आणि आता जास्त केसही डावीकडे, त्यामुळे त्या बाजूला गालावर लोंबती बट ठेवली नाही. नथीत केस अडकला की नवरीच्या डोळ्यांत पाणी येतं.

मोकळ्या केसांचा सल्ला बांधलेल्या केसांना लावणं

ही माझी दुसरी चीड. "गोल चेहऱ्याला मधला भांग चालतो" असं वाचून येतात. चालतो, पण का ते वाचत नाहीत. केस हनुवटीच्या खाली येणारे आणि मोकळे असतील, तर ते दोन्ही गालांवर पडद्यासारखे येतात, गालांच्या कडा झाकतात आणि चेहरा निमुळता दिसतो. ही करामत पडद्यांची आहे, भांगाची नाही. त्याच मुलीने वेणी किंवा अंबाडा घातला की पडदे गेले. उरतो चापून बसवलेला माथा आणि दोन्हीकडे सारखे उघडे गाल. बांधलेल्या केसांत गोल चेहऱ्याला बाजूचा भांग बरा, आणि जास्त केसांच्या बाजूला मुळाशी थोडी उंची द्यायची.

लांबट चेहऱ्याचं उलट. भांगाची सरळ रेषा, मग नाक, मग हनुवटी, सगळं एका ओळीत आलं की चेहरा आणखी लांब वाटतो. तिथे भांग बाजूला घ्यावा आणि फुगवटा माथ्यावर न देता कानांच्या आसपास द्यावा. रुंद कपाळ आणि टोकदार हनुवटी असेल तर बाजूच्या भांगाने कपाळाचा एक कोपरा झाकला जातो. चौकोनी जबड्यालाही तिरकी रेषाच शोभते. बदामी चेहऱ्याच्या मुलींनी इथे वेळ घालवू नये.

आणि चेहरा कुठला हे सेल्फीवरून ठरवू नका. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि चेहरा असतो त्याहून अरुंद. केस मागे बांधून, कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून काढायला सांगा.

बाकी, थोडक्यात

मधला भांग नाकाच्या शेंड्यावरून मोजू नका. बऱ्याच जणींचं नाक किंचित वाकडं असतं, आणि भांग त्याकडे बोट दाखवतो. दोन भुवयांच्या मधला बिंदू धरा.

बाजूचा भांग भुवईच्या कमानीपर्यंत, फार तर थोडा पुढे. कानाजवळून पाडलेला भांग टक्कल झाकल्यासारखा दिसतो.

भांगाची रेषा शेपटीच्या कंगव्याने कपाळाकडून मागे, एका दमात ओढा. जरा जरा करत गेलात की नागमोडी होते.

वर्षानुवर्षं एकाच जागी भांग आणि वर ताणून बांधलेले केस असतील, तर तिथे केस विरळ होऊन भांग रुंद होतो. अशांनी भांग अर्धा इंच सरकवावा आणि वेणी सैल घालावी.

भांग बदलायचा असेल तर कार्यक्रमाच्या सकाळी बदलू नका. दर वेळी केस धुतल्यावर ओल्या मुळांवरच नवा भांग पाडून तसेच वाळू द्या. तीन-चार आठवडे तरी द्यावे लागतात. सुरुवातीला मुळं दुखल्यासारखी वाटतात, ते होतं. कपाळावरचा भोवरा मात्र महिनाभराने काय, वर्षानेही हलत नाही. त्याच्याशी भांडायला माझ्याकडे येऊ नका.