पालीची भीती: ओट्याशी पुन्हा उभं राहता आलं ते असं

ओट्यामागच्या भिंतीवर पाल दिसली की छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि नवरा तिला हाकलेपर्यंत मी स्वयंपाकघराबाहेर. कोथरूडला तळमजल्यावर राहतो, त्यामुळे हे नेहमीचंच. मोरपीस, अंड्याची टरफलं, डांबराच्या गोळ्या, सगळं करून वैतागले. भीती टिकते ती पळाल्यामुळे: पळालं की सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू पळण्यालाच उपाय मानतो.

समुपदेशक बाईंनी आधी भीतीला ० ते १०० गुण द्यायला लावले. पालीचा फोटो ३०, व्हिडिओ ४५, रबरी पाल हातात ६०, खरी पाल दारातून बघणं ७५, ती भिंतीवर असताना चहा करणं ९५. सुरुवात फोटोपासून. नजर न हटवता थांबायचं, आकडा साधारण निम्म्यावर येईपर्यंत. तीच पायरी रोज. सुरुवातीचाच आकडा उतरला की पुढची.

थांबताना हातात झाडू नको, दारात नवरा नको, मनात रामरक्षासुद्धा नको. नाहीतर मेंदू म्हणतो, वाचलो ते झाडूमुळे! (रामरक्षेचं सासूबाईंना अजून पटलेलं नाही.)

खरी पाल सरसर धावली तेव्हा आकडा एकदम ९० झाला. अशा वेळी दोन पावलं मागे यायचं, पण खोली सोडायची नाही. आकडा उतरला की पुन्हा पुढे. आता पाल दिसली की दचकते, पण चहा उतू जात नाही.

रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांनी मात्र हे असंच करू नये. त्यात रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून आधी स्नायू ताणून धरायचं तंत्र शिकावं लागतं.