ग्राफिक्स कार्ड घेण्याआधीची तयारी: चिपची पायरी उतरा, मेमरीची नको

गेल्या वर्षी मी कार्ड घ्यायला गेलो तेव्हा एकाच चिपची दोन कार्डे समोर होती, एक ८ जीबी मेमरीचे आणि दुसरे १६ जीबीचे. चिप तीच आहे, मग नुसत्या मेमरीसाठी जास्त पैसे का मोजायचे, जे काही कमी पडेल ते अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन भरून काढतील, असा हिशेब मांडून मी ८ जीबीचे उचलले. तो हिशेब साफ चुकला. पुढच्या वेळी ज्या क्रमाने तयारी करायची, तो क्रम म्हणून येथे लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी आपल्या मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट लिहून घ्यावेत, कारण कोणत्या पायरीचे कार्ड पुरेल हे तिथूनच ठरते. अपस्केलिंगमध्ये कार्ड मुळात लहान चित्र काढते आणि आधीच्या फ्रेममधली माहिती वापरून ते मॉनिटरच्या मापाचे करते. ‘क्वालिटी’ मोडमध्ये हे लहान चित्र उंची आणि रुंदी अशा दोन्ही बाजूंनी साधारण दोन तृतीयांश असते, ‘परफॉर्मन्स’मध्ये निम्मे. म्हणजे ४के मॉनिटरवर परफॉर्मन्स मोड लावला तरी मूळ चित्र १०८० ओळींचे असते. १४४०च्या मॉनिटरवर क्वालिटी लावल्यास ते ९६० ओळींचे होते आणि १०८०च्या मॉनिटरवर तोच मोड लावला तर जेमतेम ७२० ओळी उरतात. तेवढ्यात झाडांची पाने, जाळ्या, दूरच्या तारा यांचा तपशीलच कमी असतो आणि हालचाल सुरू झाली की त्या कडा थरथरताना दिसतात. म्हणून ४के मॉनिटर असणाऱ्याने अपस्केलिंगच्या जोरावर चिपची एक पायरी खुशाल उतरावी; १०८० वाल्याने हे गणित करू नये.

त्यानंतर फ्रेम जनरेशन बंद असताना सेकंदाला किती फ्रेम मिळतात तो आकडा शोधावा. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घालायची, तर पुढची खरी फ्रेम आधी तयार असावी लागते, आणि म्हणून ती तयार झालेली फ्रेम कार्ड क्षणभर रोखून धरते. चित्र गुळगुळीत दिसते, पण माउसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो, किंबहुना किंचित उशिरा. खरा वेग ६० असेल तर दोन फ्रेममधले अंतर १६.७ मिलिसेकंद असते, ३० असेल तर ३३.३, काउंटरवर १२० उमटले म्हणून हे अंतर कमी होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० जाहीर करताना त्याची बरोबरी आरटीएक्स ४०९०शी लावली, त्या तुलनेत एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम धरलेल्या होत्या. असे आलेख पाहून पायरी ठरवू नये. मॉनिटर १२० हर्ट्झचा असेल आणि वेग तिथेच बांधून चौपट जनरेशन लावले, तर खरा वेग ३०वर येऊन बसतो, हेही लक्षात असू द्यावे. माझ्या मते अपस्केलिंगसह पण जनरेशनशिवाय निदान ६० मिळत नसतील, तर ते कार्ड त्या गेमसाठी कमी पडते, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

आता मेमरी. मी विसरलो ते हेच. अपस्केलिंग लावले की मेमरीही आपोआप वाचेल अशी माझी समजूत होती. ती थोडी वाचते, पण थोडीच, कारण लहान होतात ते फक्त चित्र काढण्याचे बफर. टेक्श्चर, वस्तूंची भूमिती, रे ट्रेसिंगसाठी बांधलेली रचना हे सगळे जवळपास तेवढेच राहते. वर फ्रेम जनरेशन स्वतःची मेमरी मागते, कारण त्याला मॉनिटरच्या पूर्ण मापाच्या फ्रेम आणि हालचालीची माहिती हाताशी ठेवावी लागते. म्हणजे ज्या सोयीच्या भरवशावर स्वस्त कार्ड घेतले, तीच सोय त्या कार्डची अपुरी मेमरी आणखी खाते. मेमरी बघा.

माझ्याकडे घडले ते असे. मॉनिटर १४४०चा, अपस्केलिंग क्वालिटीवर, टेक्श्चर सर्वांत वरच्या पातळीला, आणि जनरेशनशिवाय वेग साठच्या थोडा वर. तोपर्यंत काही तक्रार नव्हती. जनरेशन सुरू केल्यावर काउंटर शंभरच्या पुढे गेला, पण गजबजलेल्या बाजारात शिरून माउस झटकन फिरवला की चित्र अर्धा सेकंद थिजायचे. मी दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी टास्क मॅनेजर उघडून `Performance` मधल्या `GPU` पानावर पाहिले, तेव्हा `Dedicated GPU memory` काठोकाठ भरलेली होती आणि `Shared GPU memory` दोन जीबीच्या वर चढलेली होती. ही खूण पक्की ओळखून ठेवावी: गेम चालू असताना हा दुसरा आकडा चढत गेला, तर कार्डमध्ये न मावलेला माल संगणकाच्या रॅममध्ये ठेवला जात आहे. तिथून तो मदरबोर्डच्या स्लॉटमार्गे आणावा लागतो, आणि त्या वाटेत चित्र थिजते. या वाटेचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आरटीएक्स ५०६० टीआयला स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचता येते; तेच कार्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर बसवले तर त्याच्या आठ मार्गिकांतून सेकंदाला जेमतेम ८ जीबी येतात. बोर्ड जुना असेल तर मेमरी दुप्पट काळजीने बघा. टेक्श्चर दोन पायऱ्या उतरवल्यावर माझा गेम सुरळीत चालला, पण भिंतीवरच्या पाट्या वाचता येईनाशा झाल्या. चिपमध्ये ताकद शिल्लक होती, ती वापरायला जागा नव्हती.

म्हणून १४४०च्या मॉनिटरसाठी मी आता निवड अशी करीन. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही ८ आणि १६ जीबीत येतात; त्यांपैकी १६ जीबीचेच कार्ड धरून, क्वालिटी मोडमध्ये जनरेशनशिवाय आपल्या गेमना साठ मिळतात का ते चाचण्यांत पाहावे. मिळत असतील तर तिथेच थांबावे, वरची पायरी घेण्यात अर्थ नाही. मिळत नसतील तर जनरेशन ती उणीव भरून काढणार नाही. सेटिंग उतरवावी किंवा १२ जीबीच्या ५०७०च्या पातळीवर जावे. ८ जीबीचे कार्ड १०८०च्या मॉनिटरवर हलके स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यापुरते ठीक आहे. दुकानदार म्हणेल की चिप तीच आहे. चिप तीच असते हे खरे आहे, तरीही मेमरी बघा.

कोणती सोय कोणत्या पिढीला मिळते तेही पाहून घ्यावे: एनव्हिडियाच्या डीएलएसएसचे अपस्केलिंग आरटीएक्स २० मालिकेपासून, त्याचे फ्रेम जनरेशन ४० मालिकेपासून, चौपट जनरेशन फक्त ५० मालिकेत. एएमडीचे एफएसआर ३ जुन्या कार्डांवरही चालते. जुने कार्ड घेणाऱ्याने हे आधी तपासावे, आणि आपल्या गेमच्या सेटिंगमध्ये ती सोय मुळात दिली आहे का हेही. पॉवर सप्लाय, कॅबिनेटमधली लांबी, नेहमीप्रमाणे. ८ आणि १६ जीबी या दोन्ही प्रकारांचे नाव एकच असल्याने बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा आणि सील फोडण्याआधी खोक्यावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.