संगणक सुरू होत नाही? काउंटरवरच्या फलकात या चुका टाळा

संगणक सुरू झाला नाही तर काय करावे, हे सांगणारा फलक दुकानाच्या काउंटरवर लावतात. त्याची पहिली ओळ बहुधा ‘बटण पुन्हा दाबा’ अशी असते, आणि तिथेच गडबड होते, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे पाहण्याआधीच माणूस हात चालवू लागतो. पहिल्या ओळीत कृती नको, प्रश्न हवा: ‘यूपीएसवर आणि सीपीयूवर दिवा लागला आहे का? पंख्याचा आवाज येतो का?’

दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर वीज सीपीयूपर्यंत पोहोचते का ते पाहावे. सांगलीच्या मार्केट यार्डातली एखादी हळदीची पेढी डोळ्यांसमोर आणा. रात्री वीज गेली होती, सकाळी आली, ट्यूबलाइट लागली, पण संगणक ढिम्म. तंत्रज्ञाला बोलावण्याआधी सीपीयूची वायर यूपीएसमधून काढून भिंतीवरच्या अशा सॉकेटमध्ये लावावी, ज्यात मोबाइल चार्ज होतो हे आधी तपासून घेतले आहे. संगणक सुरू झाला, तर तो ठणठणीत आहे आणि दोष यूपीएसचा, बहुतेक वेळा त्यातल्या बॅटरीचा आहे. लहान यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत कमजोर होते, आणि ती पूर्ण उतरली की काही यूपीएस वीज असूनही सुरूच होत नाहीत. नवी बॅटरी येईपर्यंत बिले करता येतील, मात्र वीज जाताच संगणक बंद पडेल, म्हणून केलेले काम वरचेवर सेव्ह करावे.

तरीही सुरू झाला नाही, तर सीपीयूच्या मागचे I आणि O असे लिहिलेले बटण I कडे दाबलेले आहे ना, ते पाहावे. साफसफाई करताना त्याला सहज धक्का लागतो. नंतर भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी, सीपीयूचे पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि वायर पुन्हा घट्ट बसवावी.

जुन्या सीपीयूच्या मागे 115 आणि 230 असे आकडे असलेला छोटा, बहुधा लाल, स्विच असतो. त्याला हात लावू नये, ही ओळ फलकावर सर्वांत ठळक असावी. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आहे. स्विच 115 वर सरकवून संगणक लावला, तर आतला पॉवर सप्लाय जळू शकतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा, अशा वेळी मॉनिटरचा स्वतःचा दिवा आणि दोन्ही टोकांची केबल पाहावी. बीप वाजत असतील, तर ते मोजून लिहावेत. डबा उघडून रॅम काढून बसवण्याची सूचना फलकावर घालणे मला अयोग्य वाटते, कारण गिऱ्हाईक समोर उभे असताना ते काम नीट होत नाही.

फलकाच्या तळाशी मोकळी जागा ठेवावी आणि तंत्रज्ञाला फोन करण्यापूर्वी दिवा, पंखा, बीप आणि पडद्यावरचा संदेश या चार गोष्टी तिथे पेन्सिलीने लिहून काढाव्यात.