फोटोतला मेकअप बघून मत देताना मी केलेली चूक

मेकअप शिकणाऱ्या मुली मला फोटो पाठवतात. खाली एकच ओळ असते, "ताई, कसं झालंय सांगा की." नुसतं "छान" म्हणून सुटता येतं, पण त्यातून मुलगी काहीच शिकत नाही. आणि घाईनं दोष काढला तर काय होतं, ते मी एकदा करून बसले आहे.

खानापूरच्या एका मुलीनं तिच्या नवरीचा फोटो पाठवला होता. रात्रीचा कार्यक्रम, समोरून मोबाईलचा फ्लॅश. चेहरा राखेसारखा पांढरट आणि मान सावळी. मी लगेच कळवलं, "बेस दोन शेड फिका आहे, गडद घे." तिनं माझं ऐकलं आणि गडद फाउंडेशन विकत घेतलं. पुढची नवरी निपाणीची होती, रंगानं साधारण पहिलीसारखीच. सकाळचा मुहूर्त, उघडा मंडप. चेहरा विटकरी दिसला आणि नवरीच्या आईनं चारचौघांत विचारलं, "हे काय फासलंय?" बोलणी त्या पोरीनं खाल्ली, पण चूक माझी होती.

नंतर पहिला फोटो मोठा करून पाहिला. पांढरेपणा सगळीकडे सारखा नव्हता. डोळ्यांखाली, नाकाच्या दांड्यावर आणि कपाळाच्या मधोमध तो जास्त होता. जबड्याच्या कडेला आणि कानाजवळ रंग बरोबर जुळला होता. म्हणजे शेड ठीकच होती. जिथं ट्रान्सल्युसंट पावडर दाबून बसवली होती, तिथंच फ्लॅश उलटून आला होता. अशा पावडरीत बहुतेक वेळा सिलिका असते. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर तेही फ्लॅशमध्ये पांढरं मारतं. याला फ्लॅशबॅक म्हणतात. फ्लॅश बंद करून काढलेल्या फोटोत तो दिसत नाही. शेड खरोखर चुकली असेल तर चेहरा सगळीकडे सारखाच वेगळा दिसतो, जबड्यावर रेघ मारल्यासारखा तुटतो, आणि फ्लॅश काढला तरी ती रेघ जात नाही.

मान सावळी दिसत होती, त्यातही माझी फसगत झाली. हॉलमधले दिवे वरून येतात, त्यामुळे हनुवटीची सावली थेट मानेवर पडते. म्हणून मी आता चेहरा मानेशी ताडत नाही, कान आणि गळ्याखालच्या हाडाजवळच्या त्वचेशी ताडते. मात्र तिथंही बेस लावलाय का, ते आधी विचारून घेते. हिरव्या शालूची हिरवट झाक गळ्यावर येते, तीही लक्षात ठेवा.

सगळाच फोटो पिवळा असेल तर मुंडावळ्यांकडे बघा. मोती आणि डोळ्यांचं पांढरंसुद्धा पिवळं दिसत असेल तर दोष दिव्याचा किंवा मोबाईलचा, चेहऱ्याचा नव्हे. मोती कधी मुळातच मोतिया रंगाचे असतात, तेव्हा डोळ्यांच्या पांढऱ्यावरच विश्वास ठेवा.

ब्लेंडिंगचं मत तर एका फोटोवरून देऊच नका. समोरचा फ्लॅश गालावरचं कंटूर पुसून टाकतो, आणि बाजूचा उजेड चांगल्या कंटूरलाही पट्टा बनवतो. दोन्ही उजेडांत एकाच जागी दिसणारी रेघ खरी. आयशॅडोची कड बघायची तर डोळे मिटलेला फोटो हवा. ब्यूटी मोड चालू असेल तर मी मत देतच नाही. मोबाईलनं जे आधीच गुळगुळीत केलंय, त्यात ब्लेंडिंग काय बघायचं?

म्हणून मी तीन फोटो मागते. एक खिडकीजवळ, दिवे आणि फ्लॅश बंद करून, समोरून, छातीपर्यंतचा. एक बाजूनं, कान दिसेल असा. एक डोळे मिटून. बेस लावून पंधरा मिनिटं झाल्यावरच काढायला सांगते, कारण काही फाउंडेशन हवेत गडद होतात.

आमच्याकडं एक भलतंच खूळ आहे. "दोन शेड गोरी करा" असं घरचेच सांगतात, आणि दोन दिवसांच्या क्लासमध्ये तेच कौशल्य म्हणून शिकवतात. त्यामुळे मी आधी विचारते, "फिका बेस तू निवडलास, की नवरीकडच्यांनी मागितला?" दुसरं असेल तर त्याला तिची चूक म्हणणं अन्याय आहे.

हे सगळं वाचून घाबरू नका, मलाही अजून एका नजरेत कळत नाही. खात्री नसेल तर सरळ तसं लिहा. त्या खानापूरच्या मुलीला गेल्या महिन्यात मी असं लिहिलं: "डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात तपकिरी रंग छान विरलाय. उजव्या बाजूला कड तुटक दिसते, डोळे मिटलेल्या फोटोतही, तेवढ्यावर स्वच्छ ब्रश फिरव. नाकावर पांढरं दिसतंय, पण फ्लॅश होता, म्हणून शेडबद्दल आत्ता बोलत नाही. खिडकीचा फोटो पाठव." तिनं पाठवला. नाकावर पांढरं नव्हतं, उजवी कड मात्र तशीच होती.