सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये चार्ट टाकायच्या आधीची तयारी

सर्व्हे झाला, डेटा साफ करून झाला, आता रिपोर्ट लिहायला बसलोय, आणि पहिला मोह होतो तो चार्टचं बटण दाबायचा. तो जरा आवरा. आधी क्रॉसटॅबची, म्हणजे प्रत्येक प्रश्नाची उत्तरं गटांनुसार मांडलेल्या टेबलची, शीट समोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलने एक वाक्य लिहा, की यातून वाचणाऱ्याला नक्की काय कळायला हवंय. वाक्य सुचलंच नाही तर त्या प्रश्नाचा चार्ट करूच नका, टेबल करून मागे परिशिष्टात टाका. वाक्यात तुलना असेल, म्हणजे हे त्याच्यापेक्षा जास्त, तर चार्ट. आणि वाचणारा त्यातले आकडे उचलून स्वतःच्या हिशोबात वापरणार असेल तर टेबल. एकाच पानावर एकाच गोष्टीचा चार्ट पण आणि टेबल पण, असं नको, लोक दोन्ही ताडून बघत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

मी इथे मुख्यतः समाधानाच्या पाच पायऱ्यांच्या प्रश्नाबद्दल लिहितोय, कारण जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये तो असतो आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. समजा घरपोच सामान देणाऱ्या एका अ‍ॅपच्या ४०० ग्राहकांना विचारलं, की डिलिव्हरीची वेळ, पॅकिंग, किंमत, कस्टमर केअर, ऑफर्स यांवर किती समाधानी आहात, १ म्हणजे अजिबात नाही आणि ५ म्हणजे पूर्ण. बरेच जण काय करतात, प्रत्येकाची सरासरी काढतात आणि पाच बार उभे करतात. दिसायला छान. पण समजा कस्टमर केअरला १ ते ५ अशा क्रमाने २०, १५, १५, २५, २५ टक्के उत्तरं आली आणि ऑफर्सना ५, १५, ४०, ३५, ५ टक्के. दोन्हीची सरासरी ३.२ च येते, करून बघा. बार अगदी एकाच उंचीचे. प्रत्यक्षात ऑफर्सबद्दल लोकांना फारसं काही वाटत नाहीये, आणि कस्टमर केअरवर निम्मे लोक खूश तर ३५ टक्के नाराज. कंपनीने पैसा कुठे लावायचा याचं उत्तर या फरकातच आहे आणि सरासरीने तोच गिळून टाकला.

म्हणून इथे आडवे स्टॅक्ड बार घ्या, म्हणजे एकाच बारमध्ये सगळ्या उत्तरांचे तुकडे एकापुढे एक, प्रत्येक बार १०० टक्क्यांचा. आडवे का, तर प्रश्नांची नावं लांब असतात, उभ्या बारखाली ती तिरकी होतात आणि वाचताना मान वाकडी होते. डावीकडे नाराज, उजवीकडे समाधानी, मधे तटस्थ. स्टॅक्ड बारमध्ये फक्त दोन टोकांचे तुकडे सरळ रेषेला टेकलेले असतात, म्हणून डोळ्याला तेवढेच नीट मोजता येतात, मधले तुकडे प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी सुरू होतात आणि त्यांची तुलना जमतच नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून हेच दाखवलं होतं, की एकाच पट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक ओळखतो, लांबी आणि कोन त्यानंतर. (पाय चार्टची पंचाईत पण तीच, त्यात कोन जोखावे लागतात. दोन-तीन तुकडे असतील आणि एक बराच मोठा असेल तर चालतो, मी भांडत नाही.) पाच रंगांची गर्दी वाटली तर ४ आणि ५ एकत्र करा, १ आणि २ एकत्र करा, तीन तुकडे पुरतात, फक्त खाली तसं लिहा आणि पाचही पायऱ्यांचे आकडे परिशिष्टात ठेवा.

मग क्रम. प्रश्नावलीत जो क्रम होता तोच चार्टमध्ये येतो कारण सॉफ्टवेअर तसाच देतं, तो बदला, समाधानी लोकांच्या टक्केवारीनुसार वरून खाली लावा. वयोगटासारख्या गोष्टी ज्यांना स्वतःचा क्रम आहे त्या तशाच राहू द्या, आणि ‘इतर’ नेहमी तळाला, आकडा कितीही असो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बेस. प्रत्येक चार्टखाली प्रश्न जसा विचारला तसा आणि किती जणांना विचारला ते हवंच. समजा ‘तक्रार कशाची होती’ हा प्रश्न फक्त तक्रार केलेल्या १४० जणांना विचारला आणि ७० जण म्हणाले उशीर. हे १४० पैकी ५० टक्के आहेत आणि ४०० पैकी साडेसतरा. बेस लिहिला नाही तर मीटिंगमध्ये कोणीतरी ‘आपले निम्मे ग्राहक उशिराची तक्रार करतात’ असं म्हणणार. शिवाय या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं चालत असतील तर बेरीज १०० च्या वर जाते, तिथे पाय चार्ट नाहीच, साधे बार काढा आणि तळटीप द्या.

गटांची तुलना करताना टक्केवारीची दिशा तपासा. समजा ३४० जुने ग्राहक आणि ६० नवे, डिलिव्हरीच्या वेळेवर समाधानी जुन्यांपैकी १८४ आणि नव्यांपैकी ३७. समाधानी लोकांना १०० धरलं तर त्यात ८३ टक्के जुने, आणि वाक्य तयार होतं की जुने जास्त खूश आहेत. अहो पण सर्व्हेतच ८५ टक्के जुने आहेत! टक्केवारी प्रत्येक गटाच्या आत काढायची, मग जुने ५४ आणि नवे ६२, चित्र पालटलं. पण थांबा, लगेच ‘नवे जास्त समाधानी’ अशी हेडिंग पण नको, कारण ६० लोकांच्या गटात ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर दोन्ही गटांच्या फरकाची चूक, म्हणजे सगळ्यांऐवजी थोड्याच लोकांना विचारल्यामुळे येणारी, साधारण १३ पॉइंटपर्यंत जाते आणि आपला फरक आहे फक्त ८. अशा जागी टेबलच बरं, कारण बार दिसला की फरक खरा वाटतो. ३० पेक्षा कमी लोकांचा गट असेल तर मी टक्केवारी देतच नाही, सरळ माणसं मोजून लिहितो.

टेबल करताना दशांश काढून टाका. ४०० जणांच्या सर्व्हेत ५५.२५ टक्के लिहिण्यात काही अर्थ नाही, चूकच जवळपास ५ पॉइंटची आहे, ५५ लिहा. बेरीज कधी ९९ किंवा १०१ येईल, ‘पूर्णांकात केल्यामुळे’ अशी टीप टाका, आणि जुळवण्यासाठी एखादा आकडा गुपचूप सरकवू नका, मी नवीन असताना ते केलंय आणि क्लायंटच्या माणसाने परिशिष्टातला आकडा काढून समोर ठेवला होता. ज्यांची तुलना करायची ते आकडे एकाखाली एक येतील असं बघा, आडवे वाचण्यापेक्षा उभे वाचायला सोपे जातात.

साध्या बारचा अक्ष शून्यापासूनच सुरू होतोय ना, हे पण बघून घ्या, काही सॉफ्टवेअर आपल्या मनाने ५० पासून सुरू करतात आणि ६२ चा बार ५४ च्या बारच्या तिप्पट दिसतो. रेषेचा चार्ट फक्त महिने-वर्षांसारख्या क्रमासाठी, पॅकिंग आणि किंमत यांना रेषेने जोडण्यात काही अर्थ नाही.

शेवटी पूर्ण रिपोर्टची काळ्या-पांढऱ्यात एक प्रिंट काढा, नाराज आणि समाधानीचे रंग एकसारखे करडे दिसले तर एक गडद आणि एक फिकट करा. आणि सर्व्हेशी संबंध नसलेल्या एखाद्याला चार्टचं फक्त चित्र दाखवा, हेडिंग झाकून, आणि काय दिसतंय ते विचारा. तुम्ही पेन्सिलने लिहिलेलं वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही तर हेडिंगला हात लावू नका, चार्ट बदला.